‘घरात’मधला ‘त’ कुठून आला?

शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ करताना सप्तमीचे प्रत्यय एका दमात म्हटले जातात: त, ई, आ. तिघांचे काम एकच, एखादी गोष्ट कुठे आहे ते सांगायचे. पण त्यांची वये सारखी नाहीत. ‘ई’ फार जुना आहे. ‘त’ त्या मानाने अलीकडचा आहे, आणि तो जन्माने प्रत्यय नाही. तो एकेकाळी स्वतःचा अर्थ असलेला, एकट्याने उभा राहणारा शब्द होता. तो शब्द आपण आजही रोज वापरतो: आत.

अर्थ असलेला शब्द हळूहळू व्याकरणाचा भाग होत जातो, या घडामोडीला व्याकरणीकरण म्हणता येईल. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ साली एका लेखात तिला हे नाव दिले. तिच्यात दोन प्रकारची झीज होते. शब्दाचा मूळचा ठोस अर्थ विरळ होतो आणि त्याचा उच्चार आखूड होतो. ‘आत’ या शब्दाच्या बाबतीत या दोन्ही झिजा डोळ्यांनी पाहता येतात.

संस्कृतात ‘अंतर्’ म्हणजे आतल्या बाजूला. त्यापासून मराठीत ‘आंत’ आला. ज्ञानेश्वरीच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्थळ दाखवायला नुसता ‘ईं’ जोडून भागत असे. ‘घरीं’ म्हटले की ‘घरामध्ये’ हा अर्थ पुरा होई. पण एवढ्याशा स्वरावर ‘घराजवळ’, ‘घराच्या ठिकाणी’, ‘घराच्या आतल्या बाजूला’ असे सगळे भार पडत होते. नेमके ‘आतल्या बाजूला’ म्हणायचे असेल, तर बोलणारा नामाच्या पुढे एक आख्खा शब्द ठेवी: घरा आंत.

इथला ‘घरा’ नीट पाहण्यासारखा आहे. प्रत्यय लागण्यापूर्वी ‘घर’चा ‘घरा’ का होतो? याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि पुढे जातो. पण हा ‘आ’ म्हणजे जुन्या षष्ठीचा उरलेला अंश आहे. प्राकृतातल्या ‘घरस्स’ या रूपाचा अर्थ ‘घराचा’ असा होता. त्यातला ‘स्स’ आधी ‘ह’पर्यंत खाली आला, मग तोही गेला आणि ‘घरा’ उरले. म्हणजे ‘घरा आंत’ या दोन शब्दांतच ‘घराच्या आत’ हा पूर्ण अर्थ होता. पुढे ‘घरा’चा शेवटचा ‘आ’ आणि ‘आंत’चा पहिला ‘आ’ एकमेकांत मिसळले, आणि रूप झाले ‘घरांत’.

त्या अनुस्वाराकडे लक्ष द्या. जुनी छापील पुस्तके उघडली तर ‘घरांत’, ‘पुण्यांत’, ‘मनांत’ असे लेखन जागोजागी दिसते. तो अनुस्वार म्हणजे ‘अंतर्’मधल्या ‘न’ची शेवटची खूण. बोलण्यातून तो आधीच गेला होता, आणि १९६२च्या लेखननियमांनी कागदावरूनही गेला. आज ‘घरांत’ लिहिले तर ‘अनेक घरांमध्ये’ असा अर्थ होतो, कारण तिथला अनुस्वार अनेकवचनाचा आहे. कोकणीत मात्र एकाच घराबद्दल बोलतानाही ‘घरांत’ म्हणतात आणि तिथे तो नाकातला उच्चार अजून ऐकू येतो. एकाच मुळापासून निघालेल्या दोन बहिणींपैकी एकीने जो ध्वनी टाकला, तो दुसरीने जपला. म्हणूनच ‘त’चा हा उगम नुसत्या ध्वनिसाम्यावर टेकलेला नाही. सामान्यरूप, जुने लेखन आणि शेजारची भाषा, तिन्ही एकच दिशा दाखवतात.

उच्चार झिजत असताना अर्थही सैल होत गेला. ‘पेटीत दागिने आहेत’ या वाक्यात चार बाजूंनी बंद अशी जागा आहे. ‘शेतात पाऊस पडला’ म्हणताना भिंती उरत नाहीत, पण सीमा उरते. ‘दोन दिवसांत येतो’ इथे जागेऐवजी काळ येतो. ‘तो कामात आहे’, ‘ती रागात आहे’ इथे जागाही नाही आणि काळही नाही, फक्त एक अवस्था आहे. ‘थोडक्यात सांग’, ‘स्वस्तात मिळाले’ इथे तर ‘आत’ या कल्पनेचा मागमूस राहत नाही, फक्त रीत कळते. जागेकडून काळाकडे, काळाकडून अवस्थेकडे हा ओघ जगातल्या कितीतरी भाषांत असाच सापडतो. उलट दिशेने, म्हणजे प्रत्ययातून पुन्हा ठोस शब्द घडण्याची उदाहरणे विरळा आहेत.

एखादा शब्द या वाटेवर किती पुढे गेला आहे, हे ओळखायच्या कसोट्या घरबसल्या करता येतात. पहिली कसोटी जागा बदलून पाहण्याची. ‘पेटीत’च्या जागी ‘पेटीच्या आत’ चालते. ‘दोन दिवसांत’च्या जागी ‘दोन दिवसांच्या आत’ चालते, पण त्यात मुदतीचा दाब येतो. ‘रागाच्या आत’ मात्र कोणी म्हणणार नाही. जिथे ‘आत’ बसत नाही, तिथे ‘त’ आपल्या मूळ शब्दापासून सुटला आहे. दुसरी कसोटी मध्ये काही घालून पाहण्याची. ‘घराच्याच आत’ म्हणता येते. पण ‘घरा’ आणि ‘त’ यांच्यामध्ये ‘च’ शिरू शकत नाही, तो ‘घरातच’ असा शेवटी जातो. तिसरी कसोटी एकट्याने उत्तर देण्याची. ‘कुठे आहेस?’ याला ‘आत’ हे उत्तर होते, ‘त’ होत नाही.

हे घडते ते कोणी ठरवून नाही. जो शब्द दिवसातून शेकडो वेळा येतो, नामाला चिकटून येतो आणि येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, त्यावर बोलताना जोर पडत नाही. जोर नाही म्हणून उच्चार आटतो. शिवाय तो इतक्या वेगवेगळ्या संदर्भांत वापरला जातो की सगळ्यांत लागू पडेल एवढाच अर्थ त्याच्यापाशी शिल्लक राहतो.

‘त’ पुढे आला म्हणून ‘ई’ नाहीसा झाला असे नाही, तो फक्त आक्रसला. आज तो घरी, दारी, गावी, सासरी, माहेरी, सकाळी, रात्री अशा ठरावीक शब्दांपुरता उरला आहे. कपाट, दुकान असल्या शब्दांना तो लागत नाही. त्याला स्वतःचा अर्थही मिळाला. ‘मी घरी आहे’ म्हणजे आपल्या मुक्कामी आहे, मग अंगणात बसलेलो असलो तरी चालेल. ‘मी घरात आहे’ म्हणजे अंगणात नाही. आणि ‘त’ असा सर्वसाधारण होत गेल्यावर नेमकेपणाची गरज पुन्हा उभी राहिली. म्हणून आपण ‘घराच्या आत’ म्हणतो. यात षष्ठीही नव्याने आली आणि ‘आत’ही नव्याने आला. जी जोडणी सातशे-आठशे वर्षांपूर्वी झाली होती, तीच भाषेने ताज्या शब्दांनी पुन्हा केली.

याच वाटेवर आणखी एक शब्द आहे, ‘मध्ये’. मुळात तो मध्यभाग सांगणारा. पण ‘पुण्यामध्ये राहतो’ म्हणणारा शहराच्या मध्यावर राहतो असे कोणी समजत नाही. इंग्रजीतून आलेल्या ज्या नामांना मराठी सामान्यरूप सहज होत नाही, तिथे ‘त’ अडतो आणि ‘मध्ये’ बिनबोभाट लागतो: बसमध्ये, ऑफिसमध्ये, मोबाइलमध्ये. बोलताना त्याचा ‘य’ गळून ‘ऑफिसमधे’ झालाच आहे. हिंदीत हाच संस्कृत ‘मध्ये’ प्राकृतातल्या ‘मज्झे’वरून झिजत झिजत ‘में’ झाला आणि त्याला एकट्याने उभे राहता येत नाही. मराठीत अजून ‘मध्ये बोलू नकोस’ म्हणता येते. जोवर हे वाक्य चालते, तोवर ‘मध्ये’ हा शब्दच आहे.