विश्लेषण : मालकाला मिळाला तोच भाव छोट्या भागधारकालाही? 'ओपन ऑफर' कधी लागू होते आणि तिचे संरक्षण किती?

दौलताबादला राहणाऱ्या, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना गेल्या महिन्यात टपालाने जाड इंग्रजी पुस्तिका आली. वर लिहिले होते 'लेटर ऑफ ऑफर'. त्यांच्याकडे एका कंपनीचे 100 शेअर आहेत आणि त्या कंपनीचा मालक बदलतो आहे. काकांचा प्रश्न साधा होता. 'कंपनी त्याने विकली, त्याने घेतली. मग मला पत्र कशाला? आणि आता शेअर द्यायचे की ठेवायचे?' या दोन प्रश्नांची उत्तरे सेबीच्या अधिग्रहण नियमावलीत आहेत. ती समजून घेण्यासाठी मुंबईच्याच एका जुन्या कंपनीची गोष्ट पाहू.

कंपनी विकली की ओपन ऑफर येतेच का?

नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदणीकृत असेल तरच. 2018 मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने आपल्या शहरातली 'निर्लेप' घेतली, 2019 मध्ये महिंद्रा सीआयईने औरंगाबाद इलेक्ट्रिकल्स घेतली. दोन्ही व्यवहारांची शहरात भरपूर चर्चा झाली, पण विकल्या गेलेल्या कंपन्या बाजारात नोंदलेल्या नव्हत्या. त्यामुळे ओपन ऑफरचा प्रश्नच आला नाही.

नोंदणीकृत कंपनीचे तसे नसते. तिथे मोठ्या मालकाबरोबर, म्हणजे प्रवर्तकाबरोबर, हजारो छोटे भागधारक असतात. त्यांनी कंपनी कोण चालवते हे पाहून पैसे गुंतवलेले असतात. चालवणारा बदलला तर त्यांनाही बाहेर पडण्याची संधी आणि प्रवर्तकाइतकाच भाव मिळावा, हे ओपन ऑफरमागचे तत्त्व आहे.

झंडूच्या बाबतीत काय घडले होते?

झंडू बाम घराघरात होता, पण झंडू फार्मास्युटिकल्सचे एकूण शेअर जेमतेम आठ लाख होते. कंपनीत वैद्य आणि पारिख ही दोन मुख्य कुटुंबे होती. कोलकात्याच्या इमामीने आधी बाजारातून चार टक्क्यांच्या आसपास शेअर गोळा केले. मग मे 2008 मध्ये वैद्य कुटुंबाचा सुमारे 24 टक्के हिस्सा शेअरमागे 6,900 रुपयांनी घेण्याचा करार केला. तेव्हाच्या 1997 च्या नियमावलीत 15 टक्क्यांची मर्यादा ओलांडली की ओपन ऑफर सक्तीची होती आणि ती किमान 20 टक्के शेअरसाठी द्यावी लागे. त्याप्रमाणे इमामीने 7,315 रुपये भाव जाहीर केला.

पारिखांना हा व्यवहार मान्य नव्हता. वैद्यांचे शेअर विकत घेण्याचा पहिला हक्क आपला आहे, असे सांगत ते दाद मागायला गेले. काही महिने वाद चालला आणि ऑक्टोबर 2008 मध्ये तडजोड झाली. पारिखांनी आपला सुमारे 18 टक्के हिस्सा इमामीला दिला. त्यांना शेअरमागे 15,000 रुपये आणि त्यावर स्पर्धा न करण्याच्या हमीचे 1,500 रुपये ठरले. इथे ओपन ऑफरचा खरा उपयोग दिसला. सामान्य भागधारकांसाठीचा भावही 7,315 वरून 16,500 रुपये झाला. ज्याच्याकडे झंडूचे 10 शेअर होते, त्याला 73,150 ऐवजी 1,65,000 रुपयांचा प्रस्ताव आला. ना कोर्टकचेरी, ना वाटाघाटी. मोठ्याने भाव वाढवून घेतला आणि नियमाच्या जोरावर तो लहानापर्यंत पोहोचला.

यात एक फट होती. जुन्या नियमावलीत 'स्पर्धा न करण्याचा मोबदला' ऑफरच्या भावाच्या 25 टक्क्यांपर्यंत असेल तर तो इतर भागधारकांना द्यायची सक्ती नव्हती. झंडूच्या भागधारकांना तो मिळाला, पण इतरत्र या नावाखाली प्रवर्तकाला जादा पैसे देण्याची वाट खुली होती. 22 ऑक्टोबर 2011 पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने ती बंद केली. आता प्रवर्तकाला कोणत्याही नावाने जादा रक्कम दिली, तरी ती ऑफरच्या भावात धरावी लागते.

आजच्या नियमाने ओपन ऑफर कधी लागू होते?

तीन प्रसंगी. पहिला, खरेदीदाराचा मतदानाचा हिस्सा 25 टक्क्यांवर पोहोचला तर. यात तो एकटा मोजला जात नाही. त्याच्याशी संगनमताने घेणारे नातेवाईक, समूहातल्या कंपन्या, भागीदार यांचे शेअर एकत्र धरतात. दुसरा, आधीच 25 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्याने एका आर्थिक वर्षात आणखी 5 टक्क्यांहून जास्त घेतले तर. तिसरा, शेअर कितीही असोत, कंपनीचे नियंत्रण हाती आले तर. बहुसंख्य संचालक नेमण्याचा अधिकार करारानेच मिळाला, तर टक्केवारी पाहिली जात नाही. थेट कंपनी न घेता तिची मालक कंपनी घेतली, तरी ते अप्रत्यक्ष अधिग्रहण ठरते.

मर्यादा ओलांडली की उरलेल्या भागधारकांकडून किमान 26 टक्के शेअर घेण्याची तयारी दाखवावी लागते.

भाव कोण ठरवतो?

खरेदीदार मनाने ठरवत नाही. करारात प्रवर्तकाला दिलेला भाव, आधीच्या 52 आठवड्यांत खरेदीदाराने दिलेला सरासरी भाव, 26 आठवड्यांत दिलेला सर्वांत जास्त भाव आणि नियमित व्यवहार होणाऱ्या शेअरसाठी 60 व्यवहार दिवसांचा सरासरी बाजारभाव हे मुख्य निकष आहेत. त्यांतला जो जास्त, तो किमान भाव. खरेदीदार तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. शिवाय ऑफरच्या रकमेचा ठरावीक भाग आधीच एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. पहिल्या 500 कोटींसाठी तो 25 टक्के आणि त्यापुढच्या रकमेसाठी 10 टक्के असतो.

भागधारकांनी शेअर दिल्यानंतर भाव वाढला तर?

याचे ठळक उदाहरण एनडीटीव्हीचे. 23 ऑगस्ट 2022 रोजी अदानी समूहाने एनडीटीव्हीत 29.18 टक्के हिस्सा असलेल्या आरआरपीआर होल्डिंग या कंपनीवर ताबा मिळवण्याचे पाऊल उचलले. अप्रत्यक्ष अधिग्रहण झाल्याने 26 टक्के शेअरसाठी 294 रुपयांची ओपन ऑफर आली. बाजारात शेअर तेव्हा त्याहून बराच महाग होता. तरीही 5 डिसेंबरला ऑफर बंद झाली तेव्हा सुमारे 53 लाख शेअर आले होते.

त्याच महिन्यात संस्थापक रॉय दाम्पत्याने आपला 27.26 टक्के हिस्सा समूहाला 342.65 रुपयांनी विकला. मग 294 ला शेअर दिलेल्यांचे काय? नियम सांगतो, ऑफर बंद झाल्यापासून 26 आठवड्यांत खरेदीदाराने वाटाघाटीने जास्त भावाने शेअर घेतले, तर आधी शेअर दिलेल्यांना फरक द्यावा लागतो. त्यानुसार जानेवारी 2023 मध्ये शेअरमागे 48.65 रुपये जादा देण्याची घोषणा झाली. 100 शेअर दिलेल्याला 4,865 रुपये. मात्र बाजारात नेहमीच्या व्यवहारात केलेल्या खरेदीला हा नियम लागू नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. चढा बाजारभाव पाहून जे थांबले, त्यांच्यासमोर काही आठवड्यांतच हिंडेनबर्ग अहवाल आला, समूहाचे शेअर कोसळले आणि एनडीटीव्हीचा भाव 294 च्याही खाली गेला. ऑफरचा भाव पुढे टिकून राहील, अशी हमी कोणी देत नाही.

मग संरक्षण कुठे अपुरे पडते?

सर्वांत मोठी मर्यादा 26 या आकड्यात आहे. समजा, कंपनीचे 1 कोटी शेअर आहेत. प्रवर्तकाने आपले 40 लाख विकले. लोकांकडे 60 लाख उरले. ऑफर 26 लाखांची. सर्वांनीच शेअर पुढे केले, तर प्रमाणात घेतले जातील, म्हणजे 100 पैकी 43. प्रवर्तक पूर्ण बाहेर पडला, पण काकांचे 57 शेअर नव्या मालकाच्या हवाली राहिले. नियमावलीचा मसुदा करणाऱ्या अच्युतन समितीने म्हणूनच सर्व, म्हणजे 100 टक्के, शेअरसाठी ऑफर सक्तीची करा, असे सुचवले होते. सेबीने मर्यादा 25 टक्क्यांवर नेण्याची शिफारस मान्य केली, पण 100 टक्क्यांची नाही. भारतीय खरेदीदारांना एवढा पैसा उभारणे जड जाईल, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता.

दुसरी अडचण 'नियंत्रण' या शब्दाची. मोठ्या निर्णयांवर नकाराधिकार घेतला तर ते नियंत्रण की गुंतवणूकदाराची खबरदारी, यावर वाद होत राहतात. संगनमत सिद्ध करणेही सोपे नसते. वेगवेगळ्या नावांनी 25 च्या खाली राहून शेअर गोळा केले गेले, तर ते उघड व्हायला वेळ लागतो आणि तोवर छोट्या भागधारकाची संधी हुकलेली असू शकते.

काकांनी काय पाहावे?

पुस्तिकेतल्या तीन गोष्टी आधी शोधाव्यात. ऑफरचा भाव, प्रवर्तकाला मिळालेला भाव आणि ऑफर उघडण्याची व बंद होण्याची तारीख. मुदत दहा कामकाजी दिवसांची असते. त्या दिवसांत बाजारभाव ऑफरपेक्षा जास्त असेल, तर विकायचेच असल्यास बाजारात विकणे फायद्याचे. बाजारभाव कमी असेल तर ऑफर चांगली, पण सगळे शेअर घेतले जातील हे गृहीत धरू नये.

कंपनीच्या स्वतंत्र संचालकांची समिती ऑफर योग्य आहे की नाही यावर आपले मत ऑफर उघडण्यापूर्वी जाहीर करते. ते जरूर वाचावे. भाव नियमात बसतो एवढेच तिने म्हटले आहे, की कंपनीची किंमत त्याहून जास्त आहे असेही सांगितले आहे, याकडे लक्ष द्यावे.

डिमॅट शेअर ब्रोकरमार्फत एक्स्चेंजच्या खिडकीतून देता येतात. कागदी प्रमाणपत्रे असतील तर तीही कागदपत्रे जोडून देता येतात. पुस्तिका पोहोचली नाही म्हणून हक्क जात नाही. एकदा दिलेले शेअर मात्र परत काढून घेता येत नाहीत. न घेतलेले शेअर भागधारकाकडेच राहतात, घेतलेल्यांचे पैसे मुदत संपल्यानंतर दहा कामकाजी दिवसांत मिळायला हवेत.

काकांनी पुस्तिकेत खूण करून ठेवली आहे. ऑफरचा भाव बाजारभावापेक्षा 11 रुपयांनी जास्त आहे. पण शेवटच्या दिवसाआधी ते पुन्हा एकदा बाजारभाव पाहणार आहेत आणि मगच ब्रोकरला फोन करणार आहेत.