निघालात? आलात?

सकाळच्या गाडीला निघालेला माणूस "काय, बरं आहे ना?" म्हणाला तर त्याला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे मी बदलापूरच्या रेल्वेपुलावर शिकलो. आईचा गुडघा तेव्हा फार धरला होता. शेजारच्या काकांनी पायऱ्या चढता चढता विचारलं आणि मी गुडघ्यापासून डॉक्टरांच्या फीपर्यंत सगळं सांगत सुटलो. काका भिडस्त, थांबले. खाली बदलापूर लोकल निघून गेली. इथूनच सुटणारी गाडी म्हणजे बसायला जागा. मागची कर्जतहून भरून येते. काका त्या दिवशी दारात लोंबकळत गेले, आणि त्यांनी ते मला महिनाभर ऐकवलं.

तेव्हापासून मी उत्तरं ऐकायला लागलो. राहतो बदलापुरात, अंबरनाथला स्टेशनरीचं दुकान आहे आणि माल उल्हासनगरहून आणतो, त्यामुळे दिवसभरात तिन्ही गावांचे नमस्कार वाट्याला येतात.

पहाटेचा हिशेब सोपा आहे. "निघालात?" "निघालो." समोरचा पिशवी घेऊन चालताना दिसतोच आहे, तरी आपण विचारतो, तोही तेच क्रियापद स्वतःच्या तोंडी घालून परत करतो. उत्तरात नवीन काही नसतं, म्हणूनच ते बरोबर असतं. त्यात "ठाण्याला, एक काम आहे" अशी भर घातली की पुढच्याला "कसलं काम?" विचारणं भाग पडतं. शिवाय बाहेर पडणाऱ्याला "कुठे?" विचारू नये असं मानणारी मंडळी आमच्याकडे अजून आहेत. ती "लांब का?" असं आडून विचारतात, आणि त्याला "नाही, इथंच" म्हटलं की पुरतं, मग माणूस पुण्याला का निघालेला असेना. गाडीत तर शब्दही लागत नाही. दारात उभा असलेल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. तो भुवई वर करतो, आपणही करतो.

"राम राम", "जय भीम" किंवा "राम कृष्ण हरी" यांना मात्र घड्याळ नाही. ते जसे येतात तसेच परत जातात, पहाटे पाचलाही आणि रात्री अकरालाही. वेळेचा सगळा घोळ प्रश्नांच्या नमस्कारात आहे.

अंबरनाथला उतरलो की घोळ वाढतो. एमआयडीसीत रात्रपाळी करणारी माणसं सकाळी सातच्या पुढे स्टेशनाकडे यायला लागतात. आपल्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, त्यांचे डोळे लाल. सुरुवातीला मी त्यांना उत्साहाने "गुड मॉर्निंग" करायचो. एक दादा रोज वही-पेन घ्यायला थांबत. ते एकदा म्हणाले, "शेठ, माझी रात्र आत्ता सुरू होतेय." आता मी "सुटलात?" विचारतो. ते "सुटलो" म्हणतात, आणि त्या एका शब्दात चांगली आठ तासांची दमणूक उतरते. हेच दादा दुपारी चारला दिसले तर त्यांना "जेवलात का?" विचारायचं नाही, "झोप झाली का?" विचारायचं. "झाली थोडी" हे उत्तर आलं की समजावं, पोरांनी झोपू दिलेलं नाही. "झाली" एवढंच आलं तर पूर्ण झाली. त्या "थोडी"वर आपण "हं" म्हणायचं आणि सुट्टे परत द्यायचे.

मालासाठी उल्हासनगरला जातो ते अकराच्या सुमारास. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरवली गेली, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्ता सांगताना लोक अजून "कॅम्प तीन", "कॅम्प चार" असंच सांगतात. तिथल्या जुन्या दुकानदाराला "झूलेलाल" म्हटलं की "झूलेलाल" परत येतं. जत्रेत, मिरवणुकीत "आयोलाल!" अशी हाक आली तर मात्र हाकच परत करायची नसते, तिचा उरलेला अर्धा भाग "झूलेलाल!" म्हणून पुरा करायचा असतो. मी एकदा "आयोलाल"ला "आयोलाल" म्हणालो आणि आजूबाजूची पोरं हसली. बोहनी व्हायच्या आधी "धंदा कसा काय?" हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. मी विचारला होता. शेठनी उत्तर दिलं नाही, फक्त म्हणाले, "बोलो, क्या चाहिए?" आणि माझी खरेदी झाल्यावर नोट कपाळाला लावून मग सांगितलं, "अच्छा है." उत्तर होतंच, त्याची वेळ यायची होती.

सगळ्यात जपून द्यायचं उत्तर दुपारचं. "जेवलात का?" या प्रश्नाला खरं-खोटं नसतं, जागा असते. दुकानात कोणी विचारलं आणि मी "नाही अजून" म्हटलं तर काही बिघडत नाही, त्याचा अर्थ "गिऱ्हाईक आहे" एवढाच. पण दुपारी दीडला कोणाच्या दारात उभं राहून "नाही" म्हटलं की त्या घरातल्या वहिनींना पान वाढणं आलं. भात मोजून टाकलेला असतो, तरी त्या "मग या ना, बसा" म्हणणारच. म्हणून दारातलं उत्तर उपाशीपोटीसुद्धा "हो, आत्ताच. तुमचं?" असंच. खरा आग्रह आहे की नाही हे दुसऱ्या वेळी कळतं. वहिनी "काय जेवलात?" असं विचारायला लागल्या तर त्यांना तुमचं खोटं कळलेलं आहे, आणि जेवायला घालायचंही आहे. तिथे भाजीचं नाव शोधत बसू नये, चपला काढाव्यात.

दिवेलागणीला दुकानदार बटण दाबतो आणि दिव्याला हात जोडतो. त्या क्षणी कोणी "काय म्हणता?" केलं तर उत्तर मिळत नाही, मान हलते. हात खाली आले की बोलणं. आणि त्या वेळी गिऱ्हाईकाने मागितलेली वही संपलेली असली तरी माझ्या तोंडून "नाही" येत नाही. "उद्या येईल" म्हणतो. आईची सवय आहे, ती घरात मीठ संपलं तरी तिन्हीसांजेला "मीठ वाढलंय" म्हणते.

काका परत येतात साडेआठच्या गाडीने. "आलात?" "आलो." इथे थांबायचं नाही. सकाळी जे उत्तर एका पायरीत संपवायचं, ते आता सोसायटीच्या फाटकापर्यंत लांबवायचं असतं. आईच्या गुडघ्याची चौकशी ते आता करतात आणि मी सांगतो. नुसतं "बरं आहे" म्हटलं तर त्यांना लागतं. माझ्यावर राग आहे का, असं त्यांनी एकदा माझ्या बायकोकडे विचारलंही होतं.

अकराच्या पुढे पुन्हा शब्द कमी होतात. शेअर रिक्षात शेजारी ओळखीचा निघाला तर "आज उशीर?" "हो, झाला." कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही. त्या तासाला उशिराची कारणं घरी सांगण्यासाठी राखून ठेवलेली असतात.

फोनचं मात्र उलटं. दिवसा फोन उचलला की आधी "हॅलो, कसे आहात", मग काम. मध्यरात्रीनंतर वाजलेला फोन उचलणारा "हॅलो"च्या जागी "काय झालं?" म्हणतो. परवा साडेबाराला काकांना फोन करावा लागला, त्यांच्या स्कूटरचा दिवा चालू राहिला होता. त्यांनी "काय झालं?" म्हणायच्या आत मी म्हणालो, "सगळं ठीक आहे काका, आई झोपलीय." मग दिव्याचं सांगितलं. पलीकडे श्वास सुटलेला ऐकू आला, आणि मग चपलांचा आवाज.

सकाळी पुलावर काका भेटले. "निघालात?" म्हणालो. "निघालो," म्हणाले, आणि स्कूटरचा विषय काढला नाही. गाडी लागलेली होती.