पत्रिका छापायच्या आधीचा नकार

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक वाचनालय जानेवारीत व्याख्यानमाला भरवतं, तेव्हा वक्त्यांची नावं नोव्हेंबरातच ठरू लागतात. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत प्रत्येक जण एखादं नाव सुचवतो आणि थोडी वादावादी होते. मग कार्यवाह पत्र पाठवतात: तिसरं पुष्प आपण गुंफावं, विषय अमुक, मानधन व प्रवासखर्च तमुक. बरेचदा त्या दिवसाचं व्याख्यान कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ असतं आणि खर्च त्या घराने उचललेला असतो. त्यामुळे वक्त्याचं नाव पक्कं झाल्याशिवाय पत्रिका छापायला जात नाही.

अशा वेळी ‘बघतो, कळवतो’ हे उत्तर सर्वांत महागात पडतं. बोलणाऱ्याच्या मनात तो सौम्य नकार असतो. पण ‘बघतो’ म्हणजे येणार, असं धरून कार्यवाह तारीख अडवून ठेवतात आणि दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. डिसेंबरच्या शेवटी कळलेला नकार कितीही गोड असला तरी तोवर चांगले वक्ते दुसरीकडे गुंतलेले असतात. म्हणून पहिली सभ्यता म्हणजे दोनतीन दिवसांत उत्तर देणं. ते फोनवर सांगितलं तरी मागाहून लिहून पाठवावं, कारण ते पत्र कार्यवाह एकटे वाचत नाहीत. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर वाचलं जातं आणि ज्याने आपलं नाव सुचवलं तो तिथे बसलेला असतो. त्याची मान खाली जाऊ नये, ही नकाराच्या पत्राची खरी कसोटी आहे.

समजा, भूजलाच्या एका अभ्यासकाला असं निमंत्रण आलं आहे. त्यांचं उत्तर असं असू शकेल:

‘सप्रेम नमस्कार. आपले १२ नोव्हेंबरचे पत्र मिळाले. आपल्या व्याख्यानमालेसाठी माझा विचार झाला, याचा आनंद वाटला. मात्र १७ जानेवारीला मी येऊ शकणार नाही; त्या आठवड्यात विहिरींच्या पाहणीसाठी परगावी असेन. पत्रिकेत कृपया माझे नाव धरू नये. या विषयावर गावकऱ्यांना समजेल असे बोलणाऱ्या माझ्या एक सहकारी आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांना विचारले, ती तारीख त्यांना मोकळी आहे आणि आपण फोन केलेला चालेल. त्यांचे नाव व क्रमांक सोबत देत आहे. आपल्याकडच्या विहिरी उन्हाळ्यात कधी आटतात हा प्रश्न आपण पत्रात मांडला आहे. श्रोत्यांना तो जवळचा वाटेल. आपला स्नेहांकित.’

नकार चौथ्याच वाक्यात आला आहे आणि पत्रिकेचा उल्लेख केल्याने संशयाला जागा उरलेली नाही. कारण एकच दिलं आहे. प्रकृती, पाहुणे आणि प्रवास अशी तीन कारणं एकदम दिली की ऐकणाऱ्यांना एकही खरं वाटत नाही. शिवाय मंडळी कामसू असतात: प्रवासाची अडचण म्हणाल तर गाडी पाठवतील. सहकाऱ्याचं नाव त्यांना विचारूनच दिलं आहे. न विचारता दिलेलं नाव म्हणजे कार्यवाहांच्या माथी दुसरा नकार मारणं. आणि शेवटचं वाक्य नुसत्या स्तुतीचं नाही. आपलं पत्र नीट वाचलं गेलं, हे त्यातून कार्यवाहांना कळतं.

‘पुढच्या वर्षी नक्की’ हे मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही. तसं लिहिलंत तर पुढच्या नोव्हेंबरात पहिला फोन तुम्हालाच येतो. यायचं खरंच मनात असेल तर कोणत्या महिन्यात मोकळे आहात ते लिहावं.

मानधनाची अडचण असेल तर नकाराआधी सरळ विचारून घ्यावं. कधी आकडा बदलतो, कधी नाही. पण विचारल्याचा राग सहसा कुणी धरत नाही.

त्या व्यासपीठावर जाणंच पटत नसेल, तर गोष्ट वेगळी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू करणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापूनही आला. शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क उघडपणे मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसत नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. त्यांनी तब्येतीचं कारण पुढे केलं असतं, तर पुढच्या सभेचं निमंत्रण पुन्हा आलं असतं. त्यांना मतभेद नोंदवायचा होता, मर्जी राखायची नव्हती. आपला हेतू यांतला कोणता, हे पत्राला हात घालण्याआधी ठरवलेलं बरं; दोन्ही एकाच पत्रात साधू पाहणारा दोन्हीकडून जातो.

पत्र गेल्यावरही कार्यवाहांचा फोन येतोच: ‘अहो, तासभर तरी या, संध्याकाळी सोडतो परत.’ इथे नवं कारण शोधू नये. पत्रातलंच कारण पुन्हा सांगावं आणि लगेच विचारावं, ‘बाईंशी बोलणं झालं का?’