फॉर्म 16 नंतरचा शनिवार

31 जुलै 2024 च्या संध्याकाळी सात ते आठ या एका तासात देशभरातून 5 लाखांहून अधिक आयकर रिटर्न भरली गेली. त्या दिवसाचा आकडा जवळपास 70 लाख होता. बातम्यांमध्ये हाच आकडा झळकला आणि शेवटच्या क्षणापर्यंत थांबण्याची आपल्याला सवयच आहे, असा सूर लागला.

पण मुदतीअखेर भरलेल्या रिटर्नची एकूण संख्या 7 कोटी 28 लाखांवर होती. म्हणजे दहापैकी नऊ जण शेवटच्या दिवसाआधीच मोकळे झाले होते! नोकरदारांना लवकर रिटर्न भरायला सांगणारं घोषवाक्य लिहायला बसणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी. ‘सगळे शेवटच्या दिवशी भरतात, तुम्ही तसं करू नका’ असं म्हटलं, की वाचणाऱ्याच्या मनात पहिला अर्धाच राहतो. सगळेच थांबतात, मग मीही थांबलो तर काय बिघडलं?

ब्रिटनच्या कर खात्याने 2011 मध्ये याची मोठी चाचणी घेतली. कर थकवलेल्या लाखभराहून अधिक लोकांना वेगवेगळ्या मजकुराची पत्रं पाठवली. दहापैकी नऊ जण कर वेळेवर भरतात आणि तुम्ही उरलेल्या मोजक्यांपैकी आहात, हे ज्यांना सांगितलं, त्यांच्यात कर भरणाऱ्यांचं प्रमाण नेहमीचं पत्र मिळालेल्यांपेक्षा ठळकपणे वाढलं. अर्थात ते थकबाकीदार होते. आपल्याकडच्या पगारदाराचा कर तर दर महिन्याला टीडीएस म्हणून आधीच कापला जातो. ज्याने पैसे भरलेत त्याला ‘अन्यथा 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क’ असं दरडावणं अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच ते कानाआड जातं.

त्याच्या कामाची गोष्ट वेगळीच असते. समजा, पुण्यातल्या एका कर्मचाऱ्याने जुनी करप्रणाली निवडली, पण फेब्रुवारीत घरभाड्याच्या पावत्या कंपनीत द्यायच्या राहिल्या. कंपनीने 64,000 रुपये कापले. भाड्याची सूट धरली तर कर निघतो 46,000. हे जादा गेलेले 18,000 परत मिळवायचा मार्ग म्हणजे रिटर्न. तीच सूट त्यात मागता येते. मात्र मुदत उलटली, की अशा पगारदाराला त्या वर्षासाठी जुनी प्रणाली घेता येत नाही आणि भाड्याची सूटही हातची जाते. ‘तुमचे पैसे परत मागा’ हे वाक्य इथे शब्दशः खरं ठरतं. व्याजाचं आमिष मात्र दाखवू नये. रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे इथे 90 रुपये व्याज मिळतं, आणि मुदतीत रिटर्न भरणाऱ्या सगळ्यांसाठी ते 1 एप्रिलपासूनच मोजतात. लवकर भरणाऱ्याला त्यात जास्त काही मिळत नाही. त्याची रक्कम लवकर हाती येते, एवढंच.

आता ‘लवकर’ म्हणजे कधी? एप्रिलमध्ये नक्कीच नाही. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचा तपशील कंपनी 31 मेपर्यंत सरकारकडे देते आणि फॉर्म 16 देण्याची मुदत 15 जून असते. त्याआधी नुसत्या पगारपत्रकावरून रिटर्न भरलं, तर शेवटच्या तिमाहीत कापलेला कर खात्याच्या नोंदीत दिसत नाही आणि रिफंड अडकू शकतो. शिवाय मुदतीची तारीख हलते. 2025 मध्ये ती 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर गेली, मग आणखी एक दिवस वाढली. तारखेवर बांधलेलं घोषवाक्य अशा वर्षी फुकट जातं. उलट ‘वाढेल की मुदत’ म्हणणाऱ्यांना ते बळच देतं.

म्हणून ते फॉर्म 16 ला बांधावं. ‘फॉर्म सोळा आला हाती, रिटर्न भरा त्याच राती’ हे यमक जिभेवर लगेच बसतं, पण सल्ला घाईचा आहे. फॉर्म 16 मध्ये बँकेतल्या ठेवींचं व्याज असेलच असं नाही. ते पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, पाहून घ्यावं लागतं आणि त्याला निवांत तासभर हवा. त्यापेक्षा ‘फॉर्म 16 आला? येणारा शनिवार रिटर्नचा!’ हे बरं. त्यात धाक नाही, ‘नागरिकांना सूचित करण्यात येते’ असा थाटही नाही. दिवस मात्र पक्का ठरतो, तोही बहुतेकांच्या सुट्टीचा.

खाली बारीक अक्षरात एक ओळ तरीही लागेल: ‘ओटीपीने पडताळणी केलीत ना?’ रिटर्न सादर केल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी झाली नाही, तर नंतर पडताळणी होईल तीच तारीख भरल्याची धरली जाते आणि तोवर जूनमध्ये भरूनही रिफंडचं काम पुढे सरकत नाही.