अर्जातली एसएससी, एचएससी आणि सीजीपीए

मैत्रिणींनो, अंगणवाडीचा अर्ज असो की दुसरा कुठला, त्यात शिक्षणाचा तक्ता असतोच. ‘परीक्षा’ या रकान्यात दहावीसाठी एसएससी आणि बारावीसाठी एचएससी लिहायचं. ‘बोर्ड’ या रकान्यात पुष्कळ जणी शाळेचं नाव लिहितात. तिथे परीक्षा घेणारं मंडळ हवं, म्हणजे ‘महाराष्ट्र राज्य मंडळ, नाशिक विभाग’. माहेर धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचं असलं तरी आज विभाग नाशिकच. जुन्या गुणपत्रिकेवर दुसरा विभाग छापलेला असेल, तर मात्र तोच उतरवा.

खरा घोळ होतो सीजीपीएचा. २०१० ते २०१७ या काळात सीबीएसईच्या दहावीला टक्क्यांऐवजी सीजीपीए मिळायचा. समजा, तुमच्या सुनेला ७.६ आहे. मग ७६ टक्के लिहायचे का? नाही. सीबीएसईने त्याला ९.५ ने गुणायला सांगितलं होतं. ७.६ गुणिले ९.५ म्हणजे ७२.२ टक्के. जास्तीचा आकडा कागदपत्रं तपासताना पकडला जातो आणि अर्ज बाद होऊ शकतो.

पदवीच्या सीजीपीएला हा ९.५ लावू नका. प्रत्येक विद्यापीठाचा हिशेब वेगळा असतो. गुणपत्रिकेची मागची बाजू बघा, तिथे नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात विचारा.