आकडा नेमका कोणत्या रकान्याचा?

जनगणनेच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो काढला आणि त्यातले आकडे संगणकात उतरवायला घेतले, की पहिली अडचण आकड्यांची नसते, मथळ्यांची असते. आजची अक्षरओळख करणारी सॉफ्टवेअरं छापील आकडे बरेच नीट वाचतात. पण ‘पुरुष’ हा शब्द एकाच पानावर पाच-सहा वेळा येतो: एकूण लोकसंख्येखाली, ०–६ वयोगटाखाली, अनुसूचित जातींखाली, साक्षरांखाली. त्यांतला कोणता ‘पुरुष’ कोणाचा, हे वरच्या रुंद मथळ्यावरून ठरतं, आणि नेमका तोच मथळा फोटोत निसटतो.

२०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे आकडे घेऊ. समजा, पानाची रचना अशी आहे: पहिल्या रकान्यात प्रदेशाचं नाव, दुसऱ्यात ‘एकूण, ग्रामीण, शहरी’, तिसऱ्यात कुटुंबांची संख्या. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या रकान्यांवर मिळून ‘लोकसंख्या’ असा एकच मथळा आणि त्याखाली व्यक्ती, पुरुष, स्त्रिया. सात ते नऊ या रकान्यांवर तसाच ‘०–६ वयोगट’. डावीकडे ‘महाराष्ट्र’ हे नाव तीन ओळींना मिळून एकदाच छापलेलं.

‘लोकसंख्या’ हा शब्द आपल्या तीन रकान्यांच्या मधोमध, म्हणजे पाचव्या रकान्याच्या डोक्यावर छापलेला असतो. संगणक तो तिथेच नोंदवतो. चौथा आणि सहावा रकाना बिननावाचे राहतात. मग पुष्कळजण सोपा उपाय करतात: मोकळ्या जागी डावीकडचाच मथळा पुढे ओढतात. त्याने चौथा रकाना ‘कुटुंबां’ना जाऊन मिळतो, पाच-सहा-सात हे ‘लोकसंख्ये’चे होतात आणि लहान मुलांच्या एकूण संख्येचा सातवा रकाना लोकसंख्येत घुसतो. प्रत्येक गट एका घराने सरकतो. तक्ता मात्र भरलेला, नीटनेटका दिसतो, म्हणून ही चूक सहज नजरेत येत नाही.

मथळ्याची हद्द त्याच्या अक्षरांवरून ठरवायची नाही, उभ्या रेघांवरून ठरवायची. मथळ्याच्या भागात काही उभ्या रेघा थेट वरच्या चौकटीपर्यंत जातात, काही रुंद मथळ्याच्या खालच्या आडव्या रेघेपाशीच थांबतात. लांब रेघ म्हणजे गटाची हद्द, आखूड रेघ म्हणजे गटातल्या उपरकान्याची. रेघा पुसट असतील तर उपमथळ्यांची पुनरावृत्ती उपयोगी पडते: इथे प्रत्येक ‘व्यक्ती’पाशी नवा गट सुरू होतो.

सरकारी तक्त्यांत आणखी एक मोठा आधार असतो आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मथळे संपले की खाली १, २, ३, ४ अशी रकान्यांच्या क्रमांकांची एक ओळ असते. या ओळीत काहीही जोडलेलं नसतं; प्रत्येक रकान्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. माझ्या मते काम इथूनच सुरू करावं. आधी क्रमांकांची ओळ उतरवावी, मग प्रत्येक क्रमांकाला वरपासून खालपर्यंतचं पूर्ण नाव द्यावं: ४ म्हणजे ‘लोकसंख्या–व्यक्ती’, ५ म्हणजे ‘लोकसंख्या–पुरुष’, ८ म्हणजे ‘०–६ वयोगट–पुरुष’. तक्ता समोरच्या पानावर पुढे चालू असेल तर क्रमांकही तिथे पुढे चालू राहतात, त्यामुळे दोन फोटो जोडताना गोंधळ होत नाही.

आता आकडे. छापील आकडे बहुधा रकान्याच्या उजव्या कडेला टेकवलेले असतात आणि मथळे मधोमध असतात. एखादा लहान आकडा कोणत्या मथळ्याच्या जवळ आहे हे पाहून रकाना ठरवला तर फसगत होते. आकड्याची उजवी कड पाहावी. त्याआधी फोटो सरळ करायला हवा. कॅमेरा तिरका असेल तर उभ्या रेघा एका टोकाकडे जवळ येतात. चौकटीचे चार कोपरे खुणावून फोटो ताणला की त्या पुन्हा समांतर होतात. पुस्तकाच्या शिवणीजवळचा बाक मात्र चार कोपऱ्यांनी जात नाही. तिथे पान काचेखाली दाबून पुन्हा फोटो काढणं हाच खात्रीचा मार्ग.

डावीकडच्या जोडलेल्या नावाची गोष्ट वेगळी. एक्सेलमध्ये जोडलेल्या सेलची नोंद फक्त वरच्या डाव्या सेलमध्ये राहते. बाकीच्या आतून रिकाम्या असतात. तशा तक्त्यातून ‘महाराष्ट्र’ निवडलं तर फक्त ‘एकूण’ची ओळ हाती लागते, ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ गळतात. म्हणून सेल आधी सुट्या कराव्यात, मग नावाच्या रकान्यातल्या फक्त रिकाम्या सेल निवडून (`Go To Special`, `Blanks`) वरच्या सेलचा संदर्भ टाइप करावा आणि `Ctrl+Enter` दाबावं. नाव A2 मध्ये आणि पहिली रिकामी सेल A3 असेल, तर:

```
=A2
```

नंतर हे सूत्र काढून त्याजागी मूळ मजकूर ठेवावा, नाहीतर क्रम बदलताच नावं बदलतील. आणि हा भराव नावांच्या रकान्यापुरताच ठेवावा. आकड्यांमधली मोकळी जागा ही जोडलेली सेल नव्हे. तिथे माहिती नाही किंवा संख्या शून्य आहे. वरचा आकडा खाली ओढला तर एका ठिकाणची माणसं दुसऱ्या ठिकाणी मोजली जातात. मोकळी जागा, आडवी रेघ आणि शून्य जसं छापलंय तसंच, वेगवेगळं नोंदवावं.

सगळं जागेवर बसलं का, हे तक्ताच सांगतो. ग्रामीण ओळीत व्यक्ती ६,१५,५६,०७४, पुरुष ३,१५,३९,०३४, स्त्रिया ३,००,१७,०४०. शहरी ओळीत ५,०८,१८,२५९, २,६७,०४,०२२ आणि २,४१,१४,२३७. पुरुष आणि स्त्रिया मिळून व्यक्ती व्हायला हव्यात, आणि ग्रामीण व शहरी मिळून एकूण ११,२३,७४,३३३. समजा पानाला घडी पडल्यामुळे ग्रामीण ओळीतला कुटुंबांचा आकडा वाचलाच गेला नाही आणि पुढचे सगळे एक घर डावीकडे सरकले. मग व्यक्तींच्या जागी ३,१५,३९,०३४ येतात, पुरुषांच्या जागी ३,००,१७,०४०, स्त्रियांच्या जागी लहान मुलं. आडवी आणि उभी, दोन्ही बेरजा मोडतात. उभी बेरीज तिसऱ्या रकान्यापासून पुढे सगळीकडे मोडली, पण आडवी फक्त ग्रामीण ओळीतच मोडली, तर घसरण त्याच ओळीत आहे हे कळतं.

एक चूक मात्र या बेरजांतून सुटते. पुरुष आणि स्त्रिया हे दोन रकाने सगळ्या ओळींत अदलाबदल झाले तर प्रत्येक बेरीज जुळते. तेव्हा हजार पुरुषांमागे स्त्रिया किती हे काढून पाहावं: राज्याचं उत्तर ९२९ यायला हवं, रकाने उलटले असतील तर १०७६ येतं आणि शंका येते. जिल्ह्यांच्या तक्त्यात ही खूणही पुरत नाही, कारण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात स्त्रिया खरोखरच पुरुषांपेक्षा जास्त आहेत. तिथे हजाराच्या वरचं उत्तर हीच बरोबर नोंद असते, आणि रकाने उलटले असतील तर याच दोन जिल्ह्यांचं उत्तर हजाराखाली येतं. अशा वेळी मूळ फोटो उघडून, क्रमांक ५ आणि ६ यांच्यावरचे उपमथळे डोळ्यांनी वाचावे लागतात. त्यासाठी प्रत्येक ओळीसमोर फोटोच्या फाइलचं नाव आणि पुस्तकाचा पानक्रमांक लिहिलेला एक जादा रकाना पहिल्यापासूनच ठेवावा.