लाल शेऱ्याच्या पोटात तीन उत्तरं

नवा माणूस कामावर घेताना बऱ्याच कंपन्या आज त्याची ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. पंधरा-वीस पानांचा अहवाल येतो. पहिल्या पानावर तक्ता असतो: ओळख, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, न्यायालयीन नोंदी. प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. एचआरमधल्या ज्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो, त्याच्याकडे वेळ दहा मिनिटांचा असतो आणि साहजिकच नजर रंगांवर थांबते. म्हणून अहवाल त्याच्या टेबलावर जाण्याआधी कुणीतरी तो फोडून तीन याद्या करतं: काय पडताळलं गेलं, काय पडताळता आलं नाही आणि कुठे तफावत निघाली. काम कारकुनी दिसतं, पण एखाद्याची नोकरी टिकणार की जाणार हे पुष्कळदा इथेच ठरतं.

एक बेतलेलं उदाहरण घेऊ. त्यातले गुंते मात्र रोजचेच आहेत. पुण्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या जागेसाठी निवड झालेली एक विवाहिता. अर्जात तिने लिहिलंय: बी. कॉम., पुणे विद्यापीठ, एप्रिल 2014, प्रथम वर्ग. पहिली नोकरी नाशिकच्या एका छोट्या फर्ममध्ये, मार्च 2018 पर्यंत. दुसरी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत, 1 एप्रिल 2018 ते 31 ऑगस्ट 2023. अहवालात शिक्षण हिरवं, न्यायालयीन नोंदी हिरव्या, पहिली नोकरी पिवळी आणि दुसरी लाल.

यादी करणाऱ्याने हे पहिलं पान बाजूला ठेवावं. रंग हा एजन्सीचा निष्कर्ष असतो. आपल्याला हवं असतं ते मागच्या जोडपत्रांतलं मूळ उत्तर. विद्यापीठाचं पत्र, जुन्या कंपनीची ईमेल, पीएफची नोंद, घरी जाऊन आलेल्या माणसाचा शेरा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: ‘शिक्षण’ किंवा ‘नोकरी’ हे यादीचं एकक नाही. एकक म्हणजे उमेदवाराने केलेलं एकेक विधान. एका नोकरीत अशी पाच-सहा विधानं दडलेली असतात: मालक कोण, रुजू कधी, सोडली कधी, पद काय, पगार किती, सोडण्याचं कारण काय. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

आता तो लाल शेरा उघडून पाहू. जोडपत्रात मोठ्या कंपनीच्या एचआरची एका ओळीची ईमेल आहे: या नावाच्या कर्मचाऱ्याची आमच्याकडे नोंद नाही. एवढ्यावर माणूस खोटारडा ठरवणं किती सोपं! पण त्याच्या पुढच्याच पानावर पीएफची सेवानोंद आहे. तिच्यात 11 जून 2018 ते 31 ऑगस्ट 2023 असा सलग काळ दिसतो. फक्त आस्थापनेचं नाव कंपनीचं नाही, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचं आहे. बसायला टेबल कंपनीत, पगार कंत्राटदाराकडून, ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माणूस पाच वर्षं ज्या गेटातून आत गेला त्याच कंपनीचं नाव अर्जात लिहितो, आणि त्या कंपनीच्या हजेरीपटावर तो नसतोच.

म्हणजे या एका लाल रंगाचे तीन तुकडे पडतात. नोकरी सोडल्याची तारीख पीएफशी जुळते, ती पडताळलेल्या यादीत. मालकाचं नाव तफावतीच्या यादीत: अर्जात कंपनी, पीएफमध्ये कंत्राटदार, कंपनीचं उत्तर ‘नोंद नाही’. प्रत्यक्ष काम त्या कंपनीच्या आवारात केलं का, याबद्दल अहवाल गप्प आहे; म्हणून ते न पडताळलेल्या यादीत. रुजू होण्याच्या तारखेतही 71 दिवसांचा फरक आहे. तो तफावतीत जाईल, पण नुसत्या दोन तारखा आणि त्यांचे स्रोत लिहून. ‘मधला रिकामा काळ लपवला’ असं लिहिण्याचा मोह होतो. लपवला असेलही, किंवा कंत्राटदाराने पीएफमध्ये नाव उशिरा चढवलं असेल. कागदावरून दोन्ही शक्य आहे, आणि यादीचं काम कागदाबरोबर संपतं.

पिवळ्या शेऱ्याचं उलट होतं. नाशिकची फर्म बंद पडली आहे, फोन लागत नाही, पत्त्यावर दुसरंच दुकान आहे. पीएफच्या नोंदीत या फर्मचं नाव नाही. इथे घाईत ‘पीएफमध्ये नोंद नाही, सबब तफावत’ असं लिहिलं जातं. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. चार माणसांच्या फर्मकडून ती नोंद मिळणारच नाही. पगार करपात्र नसेल आणि कर कापला गेला नसेल, तर प्राप्तिकराच्या 26AS मध्येही फर्म दिसणार नाही. कुणी विधान नाकारलेलं नाही, फक्त दुजोरा द्यायला कुणी उरलं नाही. जागा न पडताळलेल्या यादीत, आणि शेजारी काय मागता येईल ते: नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट.

खरी फसगत मात्र हिरव्या रंगात होते, कारण तो कुणी उघडतच नाही. विद्यापीठाने पदवी खरी असल्याचं कळवलं, एजन्सीने हिरवा दिला. पत्र नीट वाचलं तर त्यात द्वितीय वर्ग लिहिलाय, अर्जात प्रथम. हा फरक तफावतीत जायलाच हवा. उलट, अर्जात ‘पुणे विद्यापीठ’ आणि पत्रावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हा फरक तफावत नव्हे. नाव 2014 मध्येच बदललं. ज्याला हे ठाऊक नाही तो इमानेइतबारे तफावत नोंदवतो.

न्यायालयीन नोंदींचा हिरवा तर आणखी फसवा. ‘नोंद आढळली नाही’ हे एका शोधाचं फळ असतं: कोणत्या नावाने, कोणत्या जिल्ह्यात. इथे शोध सासरच्या नावाने आणि पुणे जिल्ह्यात झाला. उमेदवार 2018 पर्यंत नाशिकला माहेरच्या नावाने राहत होती. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं, तेव्हा जुन्या नावाने शोध झालाच नसेल तर त्या वर्षांबद्दल अहवालाने काही सांगितलेलंच नाही. पहिल्या यादीत लिहायचं ते ‘सध्याच्या नावाने पुणे जिल्ह्यात केलेल्या शोधात नोंद नाही’ एवढंच. नाशिक आणि माहेरचं नाव दुसऱ्या यादीत. चारित्र्य स्वच्छ आहे, असा निर्वाळा या पानावर कुठेच नाही.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: अर्जात काय होतं, उत्तर काय आलं, ते कुणी कोणत्या तारखेला आणि कसं दिलं, अहवालातलं पान कोणतं. ‘कसं’ याला वजन आहे. अधिकृत ईमेलवरून आलेला होकार आणि माजी साहेबाने फोनवर दिलेला होकार एकाच यादीत बसतील, पण वाचणाऱ्याला फरक दिसला पाहिजे. ‘बनावट’ हा शब्द तर ज्या संस्थेच्या नावाचा कागद आहे, तिने तो आपण दिलेला नाही असं लेखी कळवलं असेल तेव्हाच, आणि तोही तिच्याच शब्दांत.

मग याद्या उमेदवाराकडे खुलाशासाठी जातात. समजा, तिने कंत्राटदाराचं नेमणूकपत्र आणि कंपनीच्या आवारात नेमल्याचं पत्र पाठवलं. तरी मालकाची ओळ लगेच हलत नाही, कारण हा कागद उमेदवाराकडून आलाय, स्रोताकडून नाही. एजन्सीने तो कंत्राटदाराकडे पाठवून होकार आणला की ओळीखाली नव्या तारखेने भर पडते: ‘मालक: कंत्राटदार, पडताळलं’. जुनी ओळ खोडायची नाही, कारण अर्जात कंपनीचं नाव लिहिलं होतं हे तसंच राहतं. प्रथम वर्गाबद्दल ती काय उत्तर देते, ते वेगळ्या ओळीत.